मग फुटून जातात: पॅकिंगमध्ये नक्की कुठे चुकतंय?

मातीमाय
नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडला राहते, घरूनच स्टोनवेअरचे कॉफी मग विकते. घडवणारे दुसरे आहेत, रंगकाम आणि विक्री माझी. बहुतेक ऑर्डर चार मगच्या सेटची असते, किंमत १४०० रुपये. श्रावणापासून आत्तापर्यंत ३८ पार्सलं गेली, त्यातल्या ९ मध्ये काही ना काही फुटलं. दोन ग्राहकांना पूर्ण पैसे परत केले, बाकी सात जणांना फुटलेला मग नवीन पाठवला.

पॅकिंग असं: प्रत्येक मगला बबल रॅपचे दोन घट्ट वेढे, वर टेप, मग चारही मग २९×२४×१३ च्या तीन प्लायच्या खोक्यात. खोकं गच्च भरतं, हलवलं तर आवाज अजिबात येत नाही. चारही बाजूंना लाल ‘काच आहे’ची चिकटपट्टी. तरी फुटतात. आता बबलचे तीन वेढे करावेत का? की खोकं बदलू?

गोदाकाठचा
तीनच काय, चार वेढे करा ताई. बबलवर पैसे वाचवायचे नसतात. आणि चिकटपट्टी मोठी लावा, लहान कोणी वाचत नाही.

हब_नाईटशिफ्ट
मोठी लावली तरी वाचत नाहीत दादा. मी कुरिअरच्या हबवर रात्रपाळीला असतो. पार्सल पट्ट्यावरून येतं, स्कॅन होतं, आणि ज्या गावचं त्या गावच्या बॅगेत पडतं. पडतं म्हणजे खरंच पडतं. मातीमायताईंच्या मापाचं खोकं बॅगेतच जाणार, त्याच्यावर कोणाचं तरी दोन किलोचं डंबेलही असू शकतं. बाण काढून ‘ही बाजू वर’ लिहितात, त्याचाही काही उपयोग नाही. बॅगेला वर-खाली नसतं. मुद्दाम कोणी आपटत नाही, पण एका रात्रीत इतका माल निघतो की चिकटपट्टी बघायला मान वळत नाही. सहाही बाजू सारख्याच मार खाणार हे धरून पॅक करा.

सुगरण_सिडको
माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. मी कैरीचं लोणचं काचेच्या बरण्यांतून पाठवते. बरणी फुटत नाही, पण तेल गळतं आणि अख्खं खोकं तेलकट होतं. बबल रॅपने गळती थांबेल का?

पुठ्ठेवाला
सुगरणताई, तुमचा प्रश्न झाकणाचा आहे, बबलचा नाही. गळती झाकणाच्या आतल्या रबरी थरापाशी होते की बरणीच्या तोंडावर सांडलेल्या तेलामुळे, ते बघा. तोंड कोरडं पुसून झाकण लावा, वरून श्रिंक पट्टी बसवा आणि प्रत्येक बरणी स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत घाला. बाकीचं वेगळ्या धाग्यावर बोलू, नाहीतर इथे मग आणि लोणचं एकत्र होईल.

मातीमायताई, मी अंबडला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं काढलीत. सल्ला देण्याआधी एकच विचारतो. फुटलेल्या मगांचे फोटो ग्राहकांनी पाठवले असतीलच. मग कुठे फुटलाय? कान तुटलाय, काठ उडालाय, बुडाला चीर गेलीय, की पूर्ण चुरा? आणि कान तुटला असेल तर मधोमध, की जिथे अंगाला चिकटतो तिथे? ९ पैकी किती कशा, एवढं मोजून सांगा.

मातीमाय
मोजले. फोटो ९ पार्सलांचे, फुटलेले मग ११. त्यातले ८ कान तुटलेले. दोघांचा काठ उडालाय, एकाच्या अंगाला उभी चीर. बुडाला काहीच नाही. कानांपैकी ४ मधोमध किंवा वाकड्यातिकड्या मोडलेत. उरलेले ४ मात्र अंगापासून जसेच्या तसे सुटून आलेत, कान अख्खा, मग अख्खा. त्या जागी खरखरीतपणासुद्धा नाही, गुळगुळीत गोल डाग दिसतो.

पुठ्ठेवाला
मग इथे दोन वेगळी दुखणी आहेत.

मधोमध मोडलेला कान म्हणजे त्यावर बाहेरून दाब किंवा फटका आला. का आला, तर तुम्ही दोन वेढे ‘घट्ट’ घातलेत म्हणून. घरी एक मग गुंडाळून बघा. कान हा मगाचा सगळ्यात बाहेर आलेला भाग. त्याच्यावरून बबल ताणून नेला की नेमका तिथेच बबल पातळ होतो, निम्मे फुगे तिथेच फुटतात. मगाच्या अंगावर फुगे टम्म, कानावर नुसता प्लास्टिकचा कागद. आणि तोच कान खोक्याच्या भिंतीला टेकलेला. खोकं कोपऱ्यावर पडलं की सगळ्या मगाचं वजन कानावरून भिंतीवर जातं. चार वेढे घातले तरी तेच होणार, फक्त कानावर चार पातळ थर येतील. गोदाकाठच्या मित्रांना वाईट वाटू नये, बबल कमी पडत नाहीये, तो चुकीच्या जागी आहे.

खोकं हलवल्यावर आवाज येत नाही हे चांगलं, पण गच्च भरणं आणि आधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गच्च भरलेल्या खोक्यात धक्का मुरायला जागाच नसते. वस्तू आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये दबेल असं काहीतरी हवं, आणि दबायला अंतर हवं.

गुळगुळीत सुटलेल्या कानांबद्दल मी बोलणार नाही, ते मातीकाम झालं. इथे कुंभारकाम जाणणारं कोणी असेल तर बोलावं.

चाकावरचा
बोलतो. आमच्या घरी तीन पिढ्या चाक आहे. गुळगुळीत सुटला म्हणजे कान कधी लागलाच नव्हता. मगाचं अंग जास्त वाळलं आणि कान ओला असताना लावला, किंवा दोन्ही जागा ओरबाडून गाऱ्याचा लेप न देता नुसता दाबला, की दोन्ही वेगवेगळे आकसतात. भट्टीतून निघाल्यावर दिसायला जोडलेला, आतून सुटलेला. वरचं ग्लेझ त्याला धरून ठेवतं, बस तेवढंच. असा मग पार्सलात नाही फुटला तर ग्राहकाच्या सिंकमध्ये फुटेल.

ओळखायचं कसं: आजी माठ घेताना बोटाच्या सांध्याने ठोकून बघायची, तेच. मग एका हातात बुडाखाली अलगद धरा, कानाला हात लावायचा नाही, आणि लाकडी चमच्याने अंगाला हलके टिचकी मारा. खणखणीत वाजला तर बरा. थद्द आवाज आला किंवा बारीक झर्र आवाज मिसळला तर कुठेतरी चीर आहे. कानाचा जोड मात्र ठोकून शंभर टक्के कळत नाही, तेव्हा कान धरून मग थोडा पिळल्यासारखा करा. जो सुटायचा तो तुमच्या हातात सुटू दे.

मातीमाय
अरे देवा. म्हणजे अर्धा दोष मी कुरिअरवाल्यांच्या माथी मारत होते. घडवणाऱ्या दादांशी बोलते. आज घरातले ६० मग पिळून बघितले, ३ कान हातात आले. 😶

द्राक्षबाग_पिंपळगाव
एवढी डोकेफोड कशाला भो. आमचा माल इथून बोटीने हॉलंडला जातो, द्राक्षाचा मणीसुद्धा फुटत नाही. पॅकहाऊसला द्राक्षाची खोकी मिळतात, मजबूत, भोकं असलेली. खाली बबलची गादी टाकायची, मग ठेवायचे. मला विचाराल तर यापेक्षा चांगलं खोकं नाही.

पुठ्ठेवाला
दादा, ती खोकी आमच्याकडेही बनतात, म्हणून सांगतो. द्राक्षाचं खोकं बाहेर पडलं की त्याची थप्पी पॅलेटवर बांधली जाते, पॅलेट कंटेनरमध्ये जातो, तिकडे फोर्कलिफ्टनेच उतरतो. मधल्या प्रवासात एकेकटं खोकं कोणी उचलून टाकत नाही. त्या खोक्याचं कसब वरचं वजन झेलण्यात आहे, पडणं झेलण्यात नाही. भोकं थंड हवा फिरायला असतात, मगांना त्यांचा उपयोग शून्य. उलट भोकं पाडली की भिंत तेवढी कमजोर होते. खालच्या बबलच्या गादीची तुमची कल्पना मात्र बरोबर आहे, फक्त ती सहाही बाजूंना हवी.

आता मातीमायताई, करायचं काय ते. आधी कानाच्या पोटात, म्हणजे कान आणि अंग यांच्यामधल्या पोकळीत, साधा कागद चुरगाळून भरा. घट्ट ठोसायचा नाही, नाहीतर कान आतूनच बाहेर ढकलला जाईल. मग कागदाची एक पट्टी अंगाभोवती आणि कानावरून सैल फिरवा. कान नुसता उघडा दिसायला नको. त्यानंतर बारीक फुग्यांच्या बबलचा एकच वेढा, सैल, ताण न देता. मगाच्या आत एक सैल कागदाचा गोळा.

दुसरं, चार मगांमध्ये पुठ्ठ्याची आडवी-उभी फुली घाला, चार घरं होतील. मग एकमेकांवर आदळले की काठ उडतो. तुमचे दोन काठ तसेच गेले असावेत, पण फोटो न बघता शपथेवर सांगणार नाही.

आणि कान खोक्याच्या मध्याकडे तोंड करून ठेवा, घराच्या तिरप्या रेषेत. तुमचा मग केवढा?

मातीमाय
अंग ९ सेंटीमीटर, कानासकट १२.५, उंची १०. वजन ३४० ग्रॅम.

पुठ्ठेवाला
मग साडेअकरा सेंटीमीटरचं चौकोनी घर पुरतं. कान बाहेरच्या बाजूला केला असता तर साडेतेरा लांबीचं घर लागलं असतं. तिरपा ठेवला की कान घराच्या आतल्या कोपऱ्यात जातो, जिथे एरवी जागा वायाच जाते. त्यामुळे चारही कान मधोमध, फुलीच्या आडोशाला, बाहेरच्या भिंतीपासून सगळ्यात लांब. जागाही वाचते. चार घरांचा गठ्ठा साधारण २३.५ चौरस, पुठ्ठ्याच्या भिंतीसकट २४ धरा.

मनासारखं करायचं तर हा गठ्ठा तीन प्लायच्या आतल्या खोक्यात आणि ते बाहेरच्या खोक्यात, मध्ये सगळीकडे ५ सेंटीमीटर भर.

हब_नाईटशिफ्ट
काका, ते ५ सेंटीमीटर ताईंना परवडायचे नाहीत. कुरिअर वजन दोन प्रकारे बघतं, काट्यावरचं आणि आकाराचं. जे जास्त असेल त्याचे पैसे. आकाराचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. काही जण दुसरा भाजक लावतात, तुमच्या करारात काय आहे ते बघा. ताईंचं जुनं खोकं २९×२४×१३, म्हणजे १.८१, दोन किलोच्या टप्प्यात. ५ सेंटीमीटर भर घातली तर बाहेरून साधारण ३५×३५×२२ होईल. ५.३९. साडेपाच किलो! मगांपेक्षा हवेचं भाडं जास्त.

मातीमाय
साडेपाच? मला अर्ध्या किलोच्या टप्प्याला ३२ रुपये पडतात. मग पार्सलामागे सात टप्पे वाढले, २२४ रुपये. नाही परवडत.

पुठ्ठेवाला
बरोबर आहे, मी कारखान्यातला, भाडं मला भरावं लागत नाही. तडजोड करू. भर बाजूंना ३, वर-खाली अडीच. बाहेरून ३१×३१×१८ येईल. १७२९८ भागिले ५०००, ३.४६. साडेतीन किलोचा टप्पा. पण अर्धा सेंटीमीटर वाढवून साडेएकतीस केलं की ३.५७ होतं आणि तुम्ही चार किलोत जाता. म्हणून खोकं बनवून घेताना माप बाहेरचं सांगा. खोकेवाले विचारल्याशिवाय आतलं माप धरतात. आणि झाकण फुगलेलं ठेवू नका, मशीन फुगलेल्या जागेचंच माप घेतं.

भरीला मोठ्या फुग्यांचा बबल वापरा, रद्दी नाही. रद्दीचे गोळे पहिल्या आपटीत दबतात आणि परत वर येत नाहीत. दुसऱ्या आपटीला त्या बाजूला पोकळी तयार असते. आतला गठ्ठा त्या पोकळीत सरकतो आणि समोरची भर निकामी होते.

चाकावरचा
रद्दीची शाई कच्च्या, ग्लेझ नसलेल्या मातीवर उतरते, तेही सांगून ठेवतो. मी एकदा पांढरी कुंडी अशी पाठवली, ग्राहकाला तिच्यावर शेअर बाजाराचे भाव वाचता येत होते.

नको_तेवढं_बोलणारी
बबलचे फुगे आत की बाहेर? घरी रोज भांडण होतं यावर.

पुठ्ठेवाला
बनवणारे आत म्हणतात, वस्तूच्या बाजूला. मी आतच ठेवतो. पण या धाग्यातल्या सगळ्या गोष्टींत याने सगळ्यात कमी फरक पडेल, भांडण मिटवा.

गोदाकाठचा
मला दोन खोकी म्हणजे जास्तच वाटतं. पाच प्लायचं एकच मजबूत खोकं घेतलं, आत फुली आणि कान मधे, तर?

पुठ्ठेवाला
हे बोललात ते पटलं. २८×२८×१५.५ मध्ये बसेल, २.४३, अडीच किलोचा टप्पा. जुन्यापेक्षा एकच टप्पा वाढला. पण पाच प्लायची भिंतच सहा-सात मिलिमीटर खाते, वर-खाली तर झाकणाच्या पाकळ्या दुहेरी असतात. त्यामुळे वर-खाली भर जेमतेम दीड सेंटीमीटर उरते. पुरेल की नाही ते कागदावर सांगता येत नाही, पाडून बघावं लागेल.

ताई, रंग बिघडलेले मग असतील ना? ते वापरून दोन्ही प्रकारची खोकी भरा. वजन १० किलोच्या आत आहे, तर पाडायची उंची ७६ सेंटीमीटर. म्हणजे डायनिंग टेबलाची उंची. फरशीवर, चटईवर नाही. आधी खोक्याचा जोड असतो तिकडचा खालचा कोपरा, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू. एकूण दहा वेळा, मध्ये उघडून बघायचं नाही. कान असलेला मग हवा, सुटलेल्यांचा उपयोग नाही.

मातीमाय
चार दिवसांनी आले. रंग फसलेले आठ मग होते, कान पक्के. नवऱ्याने पाडले, मी डोळे मिटून बसले होते.

पाच प्लायचं एकच खोकं: कान चारही शाबूत. एका मगाचा काठ उडाला, मुगाच्या दाण्याएवढा. काठ वर होता आणि झाकणाच्या बाजूची भर चपटी झालेली दिसली. खोक्याचा तो कोपरा आत गेलाय.

दोन खोक्यांचं: काहीही नाही. सगळे आठवड्याच्या बाजारातून आणल्यासारखे.

आता हिशोब. दोन खोक्यांत भाड्याचे ३ टप्पे म्हणजे ९६ रुपये आणि सामानाचे ३५ वाढतात, पार्सलामागे १३१. ३८ पार्सलांना ४९७८. फुटण्याने माझे गेले: सात ठिकाणी नवा मग पाठवायला साधारण ३०० प्रमाणे २१००, दोन परतावे २८००. ४९००. म्हणजे जेवढं फुटत होतं तेवढंच पॅकिंगला जाणार!

नको_तेवढं_बोलणारी
फुटलेलं बघून जे परत आलेच नाहीत ते यात धरले नाहीत तुम्ही.

चाकावरचा
आणि गुळगुळीत सुटलेले चार कान तुम्ही आता घरीच पकडणार, ते फुटीत धरूच नका. फुटीचा खर्च तेवढा कमी झाला, मग दोन खोकी उलट महाग पडतात. मी एकाच खोक्यावर राहीन, फक्त वरची भर वाढवून.

पुठ्ठेवाला
दोघांचंही बरोबर. माझं म्हणणं, एकाच खोक्यात वर-खाली एकेक सेंटीमीटर वाढवून पुन्हा पाडा. २८×२८×१७.५ होईल, २.७४, तीन किलोचा टप्पा. दोन टप्पे, ६४ रुपये. काठ वाचला तर तेच घ्या. एकदा मग पालथा ठेवूनही पाडून बघा. काही जण काठ खाली ठेवतात, काही वर. मला अजून पक्कं उत्तर मिळालेलं नाही, मगाचं बूड किती जड यावर ते बदलतं.

आणखी एक. ही पाडापाडी तुम्ही कोरड्या घरात केलीत. पावसाळ्यात पुठ्ठा दमट हवा ओढून घेतो आणि मऊ पडतो. तेच खोकं जुलैमध्ये तेवढं ताठ राहत नाही. खोकी जमिनीवर, भिंतीला लावून ठेवू नका, फळीवर ठेवा. बोटाने दाबल्यावर खळगा राहिला तर ते खोकं मगांना वापरू नका. तुमच्या ९ पैकी पावसातली किती होती?

मातीमाय
६. खोकी मी बाल्कनीतल्या फरशीवर ठेवत होते.

द्राक्षबाग_पिंपळगाव
प्लेटा पाठवत असाल तर त्या आडव्या एकावर एक ठेवू नका, उभ्या ठेवा. हे आमच्या बायकोचं, माझं नाही.

मातीमाय
प्लेटा अजून नाहीत, पण लक्षात ठेवते. १७.५ उंचीची चार खोकी मागितली, पण खोकेवाला म्हणाला शंभराच्या खाली बनवत नाही. पुठ्ठेवाला काका, नमुन्याची चार तुमच्याकडून मिळतील का?

पुठ्ठेवाला
बाहेरचं माप मेसेजमध्ये पाठवा. शनिवारी सुट्टी असते, सोमवारी दुपारनंतर घेऊन जा.